चुकीचा पर्याय कुठून आणायचा? इतिहासाच्या बहुपर्यायी प्रश्नांविषयी प्रश्नोत्तरे

सराव परीक्षा जवळ आल्या की एकच अडचण वेगवेगळ्या तालुक्यांतून माझ्याकडे येते. प्रश्न सुचला, बरोबर पर्यायही लिहिला, आता उरलेल्या तीन जागा कशाने भरू? बहुतेक जण त्या जवळच्या सालांनी भरतात आणि तिथेच सगळं बिघडतं. यावेळी याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

सर, सनावळीचे प्रश्न पूर्ण बंदच करायचे का? (जि. प. शाळा शिक्षिका, तालुका दर्यापूर)

नाही. दहातला एखादा असू द्या, पण तो 'आधी काय घडलं, नंतर काय घडलं' अशा स्वरूपाचा.

तीन पर्याय कसेबसे जमतात, चौथा सुचतच नाही. चार हवेतच का? (शिक्षक, हिंगणघाट)

वर्गातल्या चाचणीला तीन चांगले पर्याय पुरतात. ओढूनताणून आणलेला चौथा कोणी निवडत नाही, त्यामुळे तो असला काय आणि नसला काय. बाहेरच्या परीक्षेचा सराव घेत असाल तर मात्र त्या परीक्षेचा नमुनाच पाळा, आणि बदल करण्याआधी मुख्याध्यापकांशी बोला.

आमच्या पोट्ट्यांना १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला हे तोंडपाठ आहे. का गेला म्हटलं की सगळे गप्प. मी प्रश्न असा काढला: वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात कधी गेला? १८५१, १८५२, १८५३, १८५४. यात काय बदलू? (माध्यमिक शिक्षक, तालुका बाळापूर)

सगळंच बदला. १८५२ वर खूण करणाऱ्या मुलाचं नेमकं काय चुकलं, हे तुम्हाला या पेपरवरून कळणार आहे का? तो निजामाला ओळखतो की नाही, कर्जाची भानगड त्याच्या कानावर आली आहे की नाही, यातलं काहीच दिसत नाही. एका वर्षाने नेम हुकला, एवढंच दिसतं. ज्याचा नेम बसला, त्यालाही विषय कळला असेल याची खात्री नाही.

सालावर टांगलेला प्रश्न दुसऱ्या अंगानेही कच्चा असतो. नागपूरचं राज्य खालसा झाल्याचं साल एका पुस्तकात १८५३ दिसेल, दुसऱ्यात १८५४. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि खालसा करण्याचा निर्णय १८५४ मध्ये झाला, म्हणून हा फरक. असं साल उत्तर म्हणून ठेवलं, तर पुस्तक नीट वाचून आलेलं मूलही चूक ठरू शकतं.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे पर्यायांचा विचार बाजूला ठेवून उत्तर एका वाक्यात स्वतःसाठी लिहायचं. इथे ते असं होईल: हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च निजामाने द्यायचा होता, तो थकला, कंपनीचं कर्ज साचलं, आणि ते भागवण्यासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. सार्वभौमत्व नावापुरतं निजामाकडेच राहिलं. काही गाईडांत इथे सरळ 'तैनाती फौज' छापलेलं असतं. ती फौज वेगळी आणि कंटिंजंट वेगळी. हे वाक्य लिहिल्यावर गॅझेटियरशी ताडून पाहा, नाहीतर इतिहासाच्या दुसऱ्या शिक्षकाला दाखवा. इथे पाया चुकला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

दुसरं काम वर्गात करायचं आहे. पर्याय न देता मुलांना एका ओळीचा प्रश्न घाला: वऱ्हाड कंपनीकडे का गेला? नावं नको म्हणा, चिठ्ठ्या गोळा करा. गप्प राहणारी मुलंही चिठ्ठीवर काहीतरी लिहितात. कोणी लिहील, राजाला मुलगा नव्हता. कोणी लिहील, लढाईत हरले. कोणी लिहील, इंग्रजांना कापूस पाहिजे होता. तुमचे चुकीचे पर्याय या चिठ्ठ्यांतच आहेत. आपण खोलीत बसून रचलेली चूक मुलं करत नाहीत, ती त्यांची स्वतःची चूक करतात.

या चुका कुठून आल्या तेही पाहा. 'वारस नव्हता' हे नागपूरचं कारण आहे. दोन्ही गोष्टी डलहौसीच्या काळातल्या, त्याच सुमाराच्या आणि शेजारच्या मुलखातल्या, म्हणून मूल एकाचं कारण दुसऱ्याला लावतं. 'लढाईत हरले' हे १८०३ मधून येतं. तेव्हा गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला आणि देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. म्हणजे वऱ्हाड निजामाकडे कसा आला याचं हे उत्तर आहे, त्याच्याकडून कसा गेला याचं नाही.

कापसाचा पर्याय मात्र जपून वापरा. वऱ्हाडच्या कापसावर कंपनीची नजर नव्हती असं म्हणता येणार नाही. नुसतं 'कंपनीला कापूस हवा होता' असं लिहिलंत तर हुशार मुलगी उभी राहून तो पर्याय पटवून देईल, आणि तिचं म्हणणं खोडता येणार नाही. तोच कापूस अमेरिकेच्या यादवी युद्धाला जोडा. हे युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं. त्याने वऱ्हाडच्या कापसाला भाव आला हे मुलांनी वाचलेलं असतं, म्हणून पर्याय ओळखीचा वाटतो, पण १८५३ च्या घटनेचं कारण तो होऊच शकत नाही. सालाचा खरा उपयोग इथे होतो.

आता प्रश्न असा उभा राहतो:

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला. त्यामागचं तात्काळ कारण कोणतं?
अ) निजामाला गादीसाठी औरस वारस नव्हता.
ब) गाविलगडाच्या लढाईत भोसले हरले होते.
क) फौजेच्या खर्चापोटी निजामावर कर्ज साचलं होतं.
ड) अमेरिकेच्या युद्धाने कापसाची टंचाई झाली होती.

'ब' हे विधान खरं आहे, तरी उत्तर नाही. असा पर्याय मिळाला तर सोडू नका. चारही वाक्यांची लांबी सारखी ठेवली आहे, कारण बरोबर उत्तर लांबलचक आणि बाकीची तोकडी हा आपल्याकडचा नेहमीचा दोष आहे. 'तात्काळ' हा शब्दही मुद्दाम घातला आहे, नाहीतर कंपनीच्या विस्ताराच्या धोरणावर वाद सुरू होईल. आता 'अ' वर खूण करणाऱ्याला वऱ्हाड आणि नागपूर वेगळे करून शिकवायचं, 'ब' वाल्याला १८०३ आणि १८५३ मधला दुवा दाखवायचा, 'ड' वाल्याला काळपट्टी काढायला लावायची, हे पेपर तपासता तपासताच कळतं. छापण्याआधी एका सहकाऱ्याला मात्र हा प्रश्न उत्तर न सांगता सोडवायला द्या.

मी विचारलं होतं: १९३० मध्ये विदर्भात मिठाऐवजी जंगल सत्याग्रह का झाला? उत्तर ठेवलं 'समुद्र नाही म्हणून'. एका पालकाने हे चूक आहे म्हणून तक्रार केली. माझ्या गुरुजींनी तर असंच शिकवलं होतं. (शिक्षिका, तालुका पुसद)

पालक बरोबर आहेत. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झालेला आहे. समुद्र नसला तरी खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं खारं पाणी होतं. त्यामुळे 'मिठाऐवजी' हा शब्दच प्रश्नाला आडवा येतो. समुद्राचं कारण सर्रास सांगितलं जातं, त्यात थोडं तथ्यही आहे, पण लोक जंगलात का शिरले हे त्यातून कळत नाही. राखीव जंगलातलं गवत आणि सरपण यांवर कायद्याने बंधनं होती, आणि ती घराघराला जाचत होती.

'गुरुजींनी सांगितलं' हा प्रश्नपत्रिकेत आधार होत नाही. एका तालुक्याच्या सराव पेपरात माझाही एक प्रश्न असाच ऐकीव माहितीवर काढलेला होता. त्याला दोन उत्तरं निघाली आणि निकाल लागून गेल्यावर ते लक्षात आलं. ज्या मुलांचा गुण गेला त्यांना तो परत देता आला नाही, याची टोचणी अजून आहे.

तुम्ही तरी उशीर करू नका. मुख्याध्यापकांना सांगून या प्रश्नाचा गुण सगळ्यांना द्या. पुढच्या वेळी प्रसंग द्या: १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे पुसदजवळ राखीव जंगलात गवत कापतात आणि त्यांना अटक होते. गवतासारखी साधी वस्तू का निवडली असेल, हे विचारा. पर्याय पुन्हा मुलांच्या चिठ्ठ्यांतून घ्या.

अभ्यासिकेसाठी एक विक्रेता हजारो प्रश्नांचा संच देतो म्हणतो, 'सगळे आयोगाच्या धर्तीवर'. घेऊ का? आणि 'क' हेच उत्तर जास्त वेळा असतं हे खरं का? (अभ्यासिका चालक, यवतमाळ जिल्हा)

पैसे देण्याआधी त्यातली कुठलीही दोन पानं मागा. प्रश्न हाताने झाका आणि नुसते पर्याय वाचून उत्तर ओळखता येतं का पाहा. सर्वांत लांब पर्याय, 'वरीलपैकी सर्व', किंवा तीन मराठा सरदारांत एक मुघल बादशहा अशा खुणांवरून निम्मे प्रश्न सुटले, तर तो संच इतिहासाचा नाही. दोन पानं दाखवायला तो तयार नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. 'धर्तीवर' या शब्दाला काही अर्थ नाही. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

'क' ची गोष्ट ऐकीव आहे. तुमच्या स्वतःच्या पेपरात उत्तरं मधल्या पर्यायांवर साचत नाहीत ना, एवढं मोजून घ्या.

पेपर झाला, गुण दिले. प्रश्न चांगला होता की नाही हे कसं कळावं? (शिक्षक, चिमूर)

गठ्ठा बांधण्याआधी एक तास काढा. समजा वर्गात ३० मुलं आहेत. एकूण गुणांप्रमाणे पेपर लावा, वरचे १० आणि खालचे १० वेगळे करा. एकेका प्रश्नाला दोन्ही गटांत कोणता पर्याय किती जणांनी घेतला ते लिहा. वरच्यांत ८ आणि खालच्यांत ३ बरोबर असतील तर प्रश्न काम करतो आहे. दोन्ही गटांत १० पैकी १० आले तर तो सोपा आहे, ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. एखादा पर्याय एकानेही घेतला नसेल तर तो काढा. आणि वरच्या गटातली मुलं एकाच चुकीच्या पर्यायावर जमली असतील, तर आधी तुमची उत्तरसूची तपासा. दोष बहुधा तिथे किंवा प्रश्नाच्या शब्दांत सापडतो.

पट बारा-पंधराचा असेल तर या आकड्यांवर विसंबू नका. दोन-तीन मुलांना जवळ बसवा आणि खूण तिथेच का केली ते विचारा, ज्यांचं उत्तर बरोबर आलं त्यांनाही. शंका उरलीच तर प्रश्न, तुमची उत्तरसूची आणि मुलांनी सांगितलेली कारणं अशी तिन्ही घेऊन जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या इतिहासाच्या अधिव्याख्यात्यांना भेटा. नुसता प्रश्न नेलात तर त्यांनाही काही सांगता येणार नाही.