रिफंड कमी आला? आधी हा हिशोब लावून बघा

दादा, रेल्वेचं ऑनलाइन तिकीट कॅन्सल केल्यावर रिफंड कमी आला म्हणता, पण तुमचं गणित चुकतंय ते एकाच जागी, तुम्ही भरलेल्या सगळ्या रकमेवर पंचवीस टक्के कापणी काढून बसलात. कापणी होते ती नुसत्या भाड्यावर, अन् ती बी दर माणशी.

समजा नांदेड-मुंबई स्लीपरचं कन्फर्म तिकीट, माणशी भाडं 400, दोघं जण, यूपीआयनं भरलं म्हणून सुविधा शुल्क 11.80, एकूण 811.80. कॅन्सल केलं ते पंचवीस टक्के कापणीच्या स्लॅबमधे. चारशेचे पंचवीस टक्के 100 होतात पण स्लीपरला किमान कापणी माणशी 120 आहे, म्हणून 120च कापणार, दोघांचे 240. 800 मधून 240 गेले, हातात 560. ते 11.80 वापस येतच नाहीत, विम्याचे पैसे घेतले असतील तर ते बी गेले. नवीन माणूस हितंच अडकतो.

एसीला कापणीवर जीएसटी वेगळा लागतो बरं का.

आता हा आकडा तुमच्या आयआरसीटीसी खात्यातल्या रिफंड हिस्ट्रीशी जुळवा. तिथंबी 560 असेल अन् बँकेत आले नसतील तर मग बँकेला धरा, कापणीवर वाद घालून उपयोग नाही. वेटिंगवालं तिकीट असेल तर हा हिशोब लावू नका, त्याची कापणी निराळी.