शिफारसपत्र मागणाऱ्या ईमेलची पहिली ओळ

अनेक आशीर्वाद.

जुन्या प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागणाऱ्या ईमेलचा तुझा मसुदा वाचला. मधला मजकूर नेटका आहे. मात्र ‘विनंती’ एवढाच विषय आणि ‘आदरणीय सर, सादर प्रणाम, आपण कुशल असाल अशी आशा आहे’ ही सुरुवात, ही दोन्ही बदल.

सर ते पत्र बहुधा दोन तासिकांच्या मधल्या वेळेत मोबाइलवर पाहतील. तिथल्या यादीत पाठवणाऱ्याचे नाव, विषयाची सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरे आणि त्याखाली मजकुराचा आरंभ एवढेच दिसते, आणि पत्र आत्ता उघडायचे की मागे ठेवायचे हे तेवढ्यावरून ठरते. ती जागा क्षेमकुशलात गेली, तर काम काय आहे हे त्यांना कळतच नाही.

विषय असा लिही: ‘शिफारसपत्र, १५ डिसेंबरपर्यंत: एम.एस. प्रवेशासाठी विनंती’. काम आणि मुदत आधी घेतल्यामुळे शेवट कापला गेला तरी अर्थ शाबूत राहतो. ‘तातडीचे’ हा शब्द टाळ, कारण निकड किती हे त्यातून समजत नाही. तारखेवरून ते सरांना स्वतः ठरवता येते.

मागणी विषयात आलीच आहे, म्हणून पहिल्या वाक्याने आधी ओळख पटवून द्यावी. दरवर्षी नवे विद्यार्थी शिकवणाऱ्या माणसाला नुसत्या नावावरून चेहरा आठवेलच असे नाही. ‘सर, नमस्कार. २०२३ च्या तुकडीत आपल्या मार्गदर्शनाखाली सौर वाळवणयंत्राचा प्रकल्प केला होता; त्या कामाच्या आधारे एम.एस.साठी शिफारसपत्र देणे आपल्याला शक्य होईल का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरते, आणि उभ्या उभ्या देता येईल असेच उत्तर लवकर येते. नकार देणेही त्यांना सोपे जावे, म्हणजे तुला वेळेत दुसऱ्या कुणाला विचारता येईल.

होकार येण्याआधी विद्यापीठाच्या अर्जात सरांचे नाव भरू नकोस, हे मी मुद्दाम सांगतो. बऱ्याच विद्यापीठांची यंत्रणा ते नाव नोंदवताच त्यांना शिफारसपत्र देण्यासाठीचा दुवा ईमेलने आपोआप पाठवते, आणि अनोळखी पत्त्यावरून आलेले ते पत्र तुझ्या पत्राआधी पोहोचले तर दुर्लक्षित राहते किंवा स्पॅममध्ये जाते. होकारानंतर तो दुवा कोणत्या नावाने येईल, हे एका ओळीत कळव.

आठवडाभर उत्तर आले नाही, तर त्याच पत्राखाली पुन्हा लिही. विषय बदललास तर जीमेलमध्ये ते वेगळे संभाषण ठरते आणि सरांना आधीचा तपशील शोधत बसावे लागते. विषय तोच राहणार असल्यामुळे नवी माहिती पहिल्या ओळीत हवी: ‘सर, अर्जाची मुदत १५ डिसेंबरला संपते, शिफारसपत्र देणे जमेल का, हे या शुक्रवारपर्यंत कळवाल का?’