पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. वर्षाला ६ लाख लागतील, पुढे महागाईप्रमाणे वाढतील. ३० वर्षांसाठी किती रक्कम हवी?

साधारण १ कोटी ३९ लाख. करानंतर परतावा ८ टक्के, महागाई ६ टक्के आणि पैसे वर्षाच्या सुरुवातीला काढायचे, असं धरलंय.

`600000 × (1 − (1.06/1.08)^30) × 1.08 / (0.08 − 0.06)`

खरा परतावा १.०८ ÷ १.०६ − १, म्हणजे १.८९ टक्केच. सरळ वजाबाकी करून २ धरलात तर दोनेक लाख कमी पडतात, ते चालेल. पण महागाई विसरलात तर उत्तर ७३ लाख येतं आणि तिथेच माणूस फसतो. परतावा ७ टक्क्यांवर आला, तर १ कोटी ५८ लाख लागतील. शिवाय हे सूत्र दरवर्षी सारखाच परतावा धरतं. पहिल्याच वर्षांत बाजार पडला, तर एवढी रक्कमही आधीच संपू शकते.