सुट्टी मागताना स्टोरी नको, "पर्सनल काम आहे" पुरे

अरे, इंटरव्ह्यूला जायचंय म्हणून "ताप आलाय" असं अजिबात टाकू नकोस. एकदा ताप सांगितला की ती सिक लीव्ह होते, मग एचआर मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतं, आणि खोटं सर्टिफिकेट आणलंस तर साध्या सुट्टीचं प्रकरण थेट शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत जातं. शिवाय दुसऱ्या दिवशी सगळे विचारणार, आता बरं वाटतंय का, कुठला डॉक्टर, काय झालेलं, आणि एकाला व्हायरल सांगितलं नि दुसऱ्याला पोट बिघडलेलं सांगितलं की झालं, लोकांना बरोबर कळतं.

त्यापेक्षा आदल्या दिवशी सरळ मेसेज कर: "सर, उद्या एक पर्सनल काम आहे, कॅज्युअल लीव्ह घेतोय. रिपोर्ट आज संध्याकाळपर्यंत पाठवतो, अर्जंट असेल तर 4 नंतर फोन करा." यात एक शब्द खोटा नाही, म्हणून काही लक्षातच ठेवायला लागत नाही. मॅनेजरला खरं तर एवढंच हवं असतं की तू किती वेळ नाहीस नि तुझं काम कोण बघणार, ते नीट सांगितलंस तर कारण खोदून विचारायची वेळ सहसा येत नाही.

विचारलंच तर "थोडं खाजगी आहे सर" म्हण आणि गप्प बस, तिथेच लोक घाबरून आत्या आजारी पाडतात. फक्त "घरचं काम" म्हणू नकोस, इंटरव्ह्यू काही घरचं काम नाही. आणि सलग चार-पाच दिवस हवे असतील तर एवढ्यावर भागणार नाही, तिथे थोडं जास्त सांगावं लागेल, पण खरंच.