स्कूटर त्याची, नोटीस मला

"फोंड्यात माझी छोटी खानावळ आहे. डबे पोचवणाऱ्या मुलाने मार्दोळला एका म्हाताऱ्याला ठोकलं. स्कूटर त्याची, लायसन्स त्याचं. 'अपघात झाला तर जबाबदारी माझी' असं त्याने मला लिहूनही दिलंय. तरी नोटीस माझ्या नावावर कशी?"

बाई तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आल्या होत्या. मी तो वाचला आणि सांगितलं, हा करार तुम्हा दोघांमधला. ज्याचा पाय मोडला त्याने यावर सही केलेली नाही, म्हणून त्याचा हक्क याने जात नाही. मुलाला पगार तुमचा, पेट्रोल तुमचं, कुठला डबा कुणाला आणि किती वाजता हे ठरवणाऱ्याही तुम्ही. अशा नोकराने तुमचं काम करताना हयगय केली, तर भरपाईसाठी मालकही जबाबदार धरला जातो. स्कूटर कोणाची, याने त्यात फरक पडत नाही.

मग बाईंनी खरी गोष्ट सांगितली. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत डबे देऊन परतताना मुलगा आईचं औषध घ्यायला थांबला होता. "म्हणजे तेव्हा तो माझ्या कामावर नव्हताच!"

हा मुद्दा मात्र पोकळ नव्हे. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर तो मित्रांबरोबर म्हापशाला गेला असता आणि तिथे कुणाला धडक दिली असती, तर बाईंचा संबंध नव्हता. पण इथे औषधाचं दुकान परतीच्या रस्त्यावरच होतं, रिकामे डबे स्कूटरला लटकलेले होते आणि पुढची फेरी बाकी होती. वाटेत थोडं थांबल्याने काम संपत नाही. किती वळला, किती वेळ आणि कशासाठी, यावर न्यायाधिकरण ठरवतं, आणि या हकिगतीत बाईंची बाजू लंगडी होती.

"तो रजेवर होता असं सांगू का?" त्यांनी हळूच विचारलं. मी साफ नाही म्हटलं. त्या दुपारचे ऑर्डरचे मेसेज गिऱ्हाइकांच्या फोनवर होते. खोटेपणा उघडा पडला असता, आणि मुलगाही उलटला असता.

लढायला जागा वेगळी होती. आधी मुलाची चूक सिद्ध व्हावी लागते. म्हातारा बसच्या आडून अचानक रस्त्यात आला होता, हे पंचनाम्यात आणि शेजारच्या दुकानदाराच्या जबानीत होतं. त्याचाही दोष ठरला, तर भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते.

खरा घोळ विम्याचा होता. स्कूटरचा तिसऱ्या पक्षाचा विमा चालू असता, तर भरपाईचा भार बहुधा कंपनीवर गेला असता. तो अपघाताआधीच संपलेला, आणि मुलाकडे देण्यासारखं काही नाही. दोघांवर एकत्र जबाबदारी आली की जखमी माणूस सगळी रक्कम मालकाकडूनही वसूल करू शकतो. नंतर मुलाकडून मागण्याचा हक्क बाईंना राहतो, पण त्याच्या पगारातून काय निघणार?

शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली, रक्कम हप्त्यांनी. उरलेल्या दोन मुलांच्या स्कूटरचा विमा आता बाई स्वतः भरतात आणि पॉलिसीची तारीख खानावळीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात.