फॉलो-अप मेलमध्ये आठवणीशिवाय काय लिहायचं?

प्रश्न: कोटेशन पाठवल्यावर आम्ही कंपन्यांना चार फॉलो-अप मेल पाठवतो. चारही मेल फिरून फिरून "प्रस्ताव पाहिलात का?" एवढंच विचारतात. उत्तर येत नाही. प्रत्येक मेलमध्ये नवीन काय घालायचं आणि ते कसं ठरवायचं?

उत्तर:

मी भोसरीच्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. कारखान्यांतल्या कॉम्प्रेस्ड एअरच्या गळतीचं ऑडिट हे आमचं काम. आमचेही चार मेल अगदी तुमच्यासारखेच होते, त्यामुळे ते कसे बदलले तेच सांगतो. आमचे मेल इंग्रजीत जातात, इथे त्यांचा मराठीत आशय देतोय.

आधी चारही मेलचा प्रिंट काढा आणि आपल्या गरजेपोटी लिहिलेलं प्रत्येक वाक्य पेनाने खोडा. "दि. 4 रोजी पाठवलेल्या प्रस्तावाबाबत जेंटल रिमाइंडर", "आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत", "एकदा कॉलवर बोलूया का" ही सगळी वाक्यं जातात. आमच्या दुसऱ्या मेलमध्ये खोडल्यावर फक्त "नमस्कार सर" उरलं होतं. तिसऱ्यात ब्रोशरची लिंक उरली. ब्रोशर म्हणजे नवीन माहिती असं आम्हाला वाटायचं, पण त्यातही आमचीच ओळख होती. ऑर्डर दिली नाही तरी समोरच्याला उपयोगी पडेल, असं काही मेलमध्ये आहे का, हे खोडून झाल्यावर बघायचं.

मग नवीन काय लिहायचं ते कुठून आणायचं? माझ्या अनुभवात कोटेशन विसरल्यामुळे क्वचितच अडकतं. मेंटेनन्स हेडला काम पटलेलं असतं, पण त्याच्याच ऑफिसात कुणीतरी एक प्रश्न विचारलेला असतो आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. आठवण करून देऊन तो प्रश्न सुटत नाही. म्हणून पहिल्या भेटीच्या नोंदी आणि आधीच्या पाच-सहा ग्राहकांनी ऑर्डरपूर्वी काय विचारलं होतं ते काढा. आमच्याकडे तीनच प्रश्न वारंवार आले. मेंटेनन्सचा: "आमच्याकडे खरंच एवढी गळती आहे का?" अकाउंट्सचा: "पैसे किती दिवसांत परत?" प्रॉडक्शनचा: "लाइन बंद ठेवावी लागेल का?" एका प्रश्नाला एक मेल, असं आम्ही वाटून टाकलं. क्रमही तोच ठेवला, कारण फाइल साधारण त्याच क्रमाने पुढे सरकते.

दुसरा मेल आधी असा होता: "सर, प्रस्ताव बघायला वेळ मिळाला का? काही शंका असल्यास जरूर कळवा." आता असा जातो. त्यात लोड म्हणजे कॉम्प्रेसर हवा भरत असतो तो वेळ आणि अनलोड म्हणजे तो हवा न भरता नुसता फिरतो तो वेळ:

"सर, गळती किती आहे ते आम्हाला न बोलावता तुम्हाला मोजता येईल. रविवारी हवेवर चालणारी सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर सुरू करा आणि प्रेशर सेट पॉइंटला येऊ द्या. मग तो किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो, ते चार-पाच वेळा घड्याळ लावून लिहा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर. लोड 2 मिनिटं आणि अनलोड 6 मिनिटं असेल, तर गळती 25 टक्के. नीट राखलेल्या सिस्टीममध्ये ती 10 टक्क्यांच्या आत असते."

हा मेल लिहायला आम्ही घाबरत होतो. ग्राहकाने स्वतःच मोजलं तर आपल्याला कोण बोलावणार, अशी भीती होती. पण एकूण गळती किती हे कळलं तरी ती कुठून होते ते कळत नाही, आणि आमचं काम तिथेच सुरू होतं. शिवाय आकडा त्यांनी स्वतः काढलेला असल्यामुळे त्यावर वाद होत नाही.

तिसरा मेल अकाउंट्ससाठी. तो मेंटेनन्स हेडलाच जातो, पण जसाच्या तसा पुढे फॉरवर्ड करता येईल असा लिहायचा. म्हणजे त्यात "आपल्या बोलण्यात ठरल्याप्रमाणे" वगैरे नको, हिशेब पूर्ण हवा. उदाहरणार्थ: 37 किलोवॉटचा कॉम्प्रेसर, गळती 25 वरून 10 टक्क्यांवर आणली, म्हणजे 15 टक्के वाचले. मोटामोटी साडेपाच किलोवॉट. वर्षाला 6,000 तास चालतो, तर सुमारे 33,000 युनिट. युनिटचा दर 9 रुपये धरला तर वर्षाला 3 लाखांच्या आसपास. ऑडिटची फी आणि दुरुस्तीचं सामान याच हिशेबात खाली वजा करून दाखवा. गळती शून्यावर येईल असं धरून फुगवलेला आकडा देऊ नका, अकाउंट्सवाला पहिला तोच पकडतो. दर त्यांच्या वीजबिलातला घ्या, आणि माहीत नसेल तर तो कुठे बदलायचा ते लिहा.

चौथा मेल सगळ्यात छोटा. गळती शोधायचं अल्ट्रासोनिक डिटेक्टर चालू लाइनवरच चालतं, कारण हवा सुटण्याचा उच्च वारंवारतेचा आवाज ते मशीनच्या गोंगाटातूनही टिपतं. त्यामुळे शोधताना लाइन बंद करावी लागत नाही. दुरुस्तीला मात्र तेवढा भाग बंद करावा लागतो, हेही त्याच मेलमध्ये लिहायचं. अर्धी गोष्ट सांगितली तर प्रॉडक्शनवाले नंतर अडवतात.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली, ती तुम्ही टाळा. हाच ठरलेला दुसरा मेल आम्ही एका कारखान्याला पाठवला आणि त्यांचा कॉम्प्रेसर निघाला व्हीएफडीचा. तो वेग कमी-जास्त करून चालतो, त्यामुळे लोड-अनलोडचा हिशेब तिथे लागूच होत नाही. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "आमचं मशीन कोणतं आहे हे तरी बघायचं होतं." ते काम गेलं, आणि त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून भेटीच्या नोंदीत कॉम्प्रेसरचा प्रकार लिहिल्याशिवाय मेल जात नाही. तुमच्या धंद्यातही अशी एखादी गोष्ट असेल, जी बदलली की तुमची उपयुक्त माहिती चुकीची ठरते. ती आधी शोधून ठेवा.

तीनही उत्तरं एकाच लांब मेलमध्ये कोंबायचा मोह होतो. आम्ही करून पाहिलं. असा मेल "निवांत वाचू" म्हणून बाजूला पडतो, आणि पुढच्या मेलसाठी आपल्याकडे पुन्हा "पाहिलात का?" एवढंच उरतं.

मेल उघडला की नाही, हे दाखवणाऱ्या आकड्यांवर पुढचा मेल ठरवू नका. 2021 पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप वाचणाऱ्याने मेल उघडण्याआधीच चित्रं उतरवून ठेवू शकतं, आणि कंपन्यांचे सिक्युरिटी फिल्टर लिंक आपोआप तपासतात. मी फक्त आलेली उत्तरं मोजतो, आणि त्यात प्रश्न विचारणारी किती ते वेगळं लिहितो. एखाद्या मेलवर वारंवार तोच प्रश्न येत असेल, तर त्याचं उत्तर पुढच्या खेपेला त्याच मेलमध्ये घालतो. आणि कुणीही उत्तर दिलं की त्याच दिवशी त्याचे पुढचे ठरलेले मेल बंद करा. सकाळी फोनवर बोलणं झालेल्या माणसाला दुपारी आपोआप मेल गेला, तर आधीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

अंतराचं म्हणाल तर आम्ही पहिल्या दोन मेलमध्ये पाच-सहा दिवस ठेवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यात दहा दिवस, कारण मोजायला त्यांना पुढचा रविवार लागतो. चौथ्यानंतरही काही आलं नाही तर शेवटचा मेल दोन ओळींचा: "सर, यंदा हे काम बजेटमध्ये नसेल तर तसं कळवा, मी मेल थांबवतो. रविवारी काढलेले लोड-अनलोडचे वेळ पाठवलेत तर हिशेब करून देतो, त्याची फी नाही."