सहा मिनिटांच्या वॉक टेस्टमधल्या अंतरावरून चालण्याचा वेग कसा काढायचा?

«वडील ७१ वर्षांचे आहेत, न्यूमोनियातून उठतायत. सहा मिनिटांच्या वॉक टेस्टमध्ये २६४ मीटर चालले, मध्ये दोनदा थांबून मिळून ३५ सेकंद दम खाल्ला. यावरून त्यांचा वेग कसा काढायचा? ०.८ च्या खाली असेल तर वाईट असं वाचलंय. आणि घरच्या ट्रेडमिलवर किती स्पीड लावू?»

सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद. २६४ भागिले ३६० केलं की ०.७३ येतं, म्हणजे सेकंदाला ०.७३ मीटर. ताशी किलोमीटर हवे असतील तर त्याहून सोपं आहे: मीटरमधल्या अंतराला सरळ १०० ने भागा. तासात सहा मिनिटं दहा वेळा येतात, म्हणून २६४ मीटरचे तासाला २६४० मीटर, अर्थात २.६४ किलोमीटर. मिनिटाचा हिशेब हवा असेल तर सहाने भागा, ४४ मीटर. हे तिन्ही आकडे एकाच वेगाचे आहेत, फक्त एकक बदललं. घोटाळा होतो तो इथेच. ४४ हा आकडा कुणीतरी एककाशिवाय वहीत लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तो कशाचा ते आठवत नाही. म्हणून आकड्याशेजारी एकक लिहाच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ही टेस्ट वर्षानुवर्षं घेत आलोय. भागाकार कुणालाही जमतो, पण आलेला आकडा नेमका कशाचा हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. वडिलांच्या बाबतीत तर तुम्ही विचारलेली ०.८ ची रेघ अगदी मधोमध येते.

या टेस्टमध्ये रुग्ण थांबला तरी घड्याळ थांबत नाही. भिंतीला टेकून दम घेतला तो वेळही सहा मिनिटांतच मोजला जातो, कारण टेस्टला वेग मोजायचाच नसतो. एवढ्या वेळात माणूस किती लांब जाऊ शकतो हे बघायचं असतं. त्यामुळे ०.७३ हा विश्रांतीसकटचा सरासरी वेग झाला. पाय प्रत्यक्ष चालत होते ते ३६० वजा ३५, म्हणजे ३२५ सेकंद. २६४ भागिले ३२५ केलं तर ०.८१ येतं, ताशी साधारण २.९ किलोमीटर. एकाच माणसाची एकच टेस्ट, आणि एक आकडा रेघेच्या खाली, दुसरा वर.

मग खरा कुठला? दोन्ही खरे, पण वेगळ्या प्रश्नांची उत्तरं. वडील चालत असताना त्यांचे पाय किती भरभर पडतात हे ०.८१ सांगतं. सहा मिनिटांत ते कुठवर पोचतील हे ०.७३ सांगतं. फेरफटका, जिना, दवाखान्यातला लांब कॉरिडॉर अशा गोष्टींचा अंदाज बांधायला मी विश्रांतीसकटचाच आकडा धरतो, कारण ती विश्रांती त्यांना तिथेही लागणारच आहे. पण तुलना करताना दोन्ही आकडे वहीत ठेवावेत. दोन महिन्यांनी अंतर थोडंच वाढलं, पण थांबणं पूर्ण बंद झालं, तर तो बदल नुसत्या अंतरात नीट दिसणार नाही.

वळणांचंही थोडं सांगतो. टेस्टसाठी ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर सुचवलेला आहे, दोन्ही टोकांना खुणेचे शंकू ठेवून. अशा कॉरिडॉरमध्ये २६४ मीटर म्हणजे आठ पूर्ण लांब्या आणि वर २४ मीटर, म्हणजे आठ वळणं. तोच कॉरिडॉर २० मीटरचा असता तर तेरा वळणं झाली असती. प्रत्येक वळणाला वेग कमी करा, फिरा, पुन्हा वेग पकडा. वॉकर किंवा काठी घेऊन चालणाऱ्याला हे फार महाग पडतं. एका वळणात दोन सेकंद गेले असं धरलं तरी पाच जादा वळणांचे दहा सेकंद झाले, म्हणजे वडिलांच्या वेगाने सुमारे आठ मीटर. म्हणून आधीची टेस्ट एका ठिकाणी आणि नंतरची दुसरीकडे झाली असेल, तर कॉरिडॉर किती लांब होता ते आधी विचारा.

आता ०.८ बद्दल. हा आकडा खरा आहे. वयोमानाने स्नायू झडतात त्या स्थितीची, सार्कोपेनियाची, तीव्रता ठरवताना युरोपातल्या तज्ज्ञगटाने सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी हा निकष ठेवलाय. पण तो वेग चार मीटरच्या छोट्या चालीवर मोजायचा असतो, नेहमीच्या सहज चालीने. सहा मिनिटांच्या टेस्टमध्ये माणसाला «जमेल तितकं जास्त अंतर कापा» असं सांगितलेलं असतं, आणि तिथे श्वास, हृदय, पायांचा थकवा सगळंच मध्ये येतं. त्यामुळे ०.७३ हातात धरून सार्कोपेनियाचा निष्कर्ष काढू नका, आणि ०.८१ बघून निश्चिंतही होऊ नका. या टेस्टवरून काढलेला कुठलाच आकडा त्या रेघेला लावायचा नाही.

त्या रेघेशी तुलना करायचीच असेल तर घरीच करून बघा. जमिनीवर चार मीटरच्या दोन टोकांना चिकटपट्टी लावा. दोन्ही बाजूंना मीटरभर मोकळी जागा ठेवा, म्हणजे सुरुवातीचा वेग पकडणं आणि शेवटचं थांबणं मोजमापात येणार नाही. «रोज चालता तसंच चाला» एवढंच सांगा. पाय पहिल्या पट्टीवरून गेला की घड्याळ सुरू, दुसरीवरून गेला की बंद. पाच सेकंद लागले तर ०.८. चार सेकंद लागले तर १. दोनदा घ्या आणि त्यातला चांगला धरा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या, पण पुढे किंवा बरोबर चालू नका. बरोबर चालणाऱ्याच्या चालीशी माणूस नकळत जुळवून घेतो. सहा मिनिटांच्या टेस्टमध्येही मी म्हणूनच रुग्णाच्या जोडीने चालत नाही, ऑक्सिमीटर वाचायला जावं लागलं तर मागून जातो.

राहिला ट्रेडमिलचा प्रश्न, आणि हाच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फुप्फुसांच्या पुनर्वसनात चालण्याचा व्यायाम ठरवताना सहा मिनिटांच्या सरासरी वेगाच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करायची पद्धत आहे. सरासरी म्हणजे इथे विश्रांतीसकटची, ताशी २.६४ किलोमीटर. त्याचे ८० टक्के २.१. जमिनीवर चालायचं असेल तर मिनिटाला ४४ चे ८० टक्के, म्हणजे ३५ मीटर. दहा मिनिटांत ३५० मीटर झाले की वेग बरोबर आहे असं समजा.

सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णाच्या बाबतीत चुकलो होतो. विश्रांती वजा करून काढलेला वेग धरला आणि तोच पूर्ण ट्रेडमिलला लावला. हे टेस्टमध्ये चालतात तर इथेही चालतील असं मला वाटलं. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला, पुढे झुकले, आणि मी मशीन बंद करेपर्यंत त्यांना वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. कारण साधं होतं. जमिनीवर दम लागला की माणूस आपोआप हळू होतो, पाहिजे तिथे थांबतो. पट्टा मात्र हळू होत नाही. शिवाय सवय नसलेल्याला पट्ट्यावर तोल सांभाळायलाच जास्त कष्ट पडतात, आणि ट्रेडमिलवर घेतलेल्या सहा मिनिटांच्या टेस्टचं अंतर कॉरिडॉरमधल्या अंतराच्या जागी धरत नाहीत ते याचसाठी.

म्हणून पहिला आठवडा वडील जमिनीवरच चालू देत, ट्रेडमिल नंतर. ट्रेडमिलवर घ्यालच तेव्हा २.१ सुद्धा लगेच लावू नका, १.५ वर दोन-तीन मिनिटं पट्ट्याची ओळख होऊ द्या, मग हळूहळू वाढवा, आणि सेफ्टी क्लिप कपड्याला अडकवलेली असू द्या. ते टेस्टमध्ये दोनदा थांबले होते, तेव्हा सलग वीस मिनिटांचा हट्ट नको. तीन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, अशा चार-पाच फेऱ्या चालतील. त्यांना दम शून्य ते दहा या मापावर किती लागला ते विचारा. तीन-चार असेल तर वेग योग्य. पाच-सहाच्या पुढे गेला किंवा छोटं वाक्यही तोडून बोलावं लागलं, तर वेग कमी करा. छातीत दुखणं, चक्कर, पाय लटपटणं किंवा चेहरा पांढरा पडून घाम फुटणं यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबा, आणि डॉक्टरांना कळवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. टेस्टमध्ये ऑक्सिजन खाली गेला होता का, हेही रिपोर्टवर बघा. तो खाली गेलेला असेल तर वेगाचा हिशेब बाजूला ठेवून आधी टेस्ट घेणाऱ्यांना विचारा, कारण तेव्हा पाय चालतील म्हणून चालवणं बरोबर नाही.

पुढच्या टेस्टनंतर तुम्ही हा भागाकार पुन्हा कराल, म्हणून एक सांगून ठेवतो. जुनाट श्वसनविकारांमध्ये साधारण ३० मीटरचा फरक हा रुग्णाला खरोखर जाणवणारा मानतात. वेगात तो ताशी फक्त ०.३ किलोमीटर, सेकंदाला ०.०८ मीटर. दशांशानंतर एकच अंक ठेवला तर सेकंदाच्या हिशेबात तो फार तर एका अंकाने दिसतो, कधी दिसतही नाही, म्हणून तुलना मीटरमध्येच करा आणि वेग फक्त व्यायाम ठरवायला वापरा. दुसरं म्हणजे, टेस्ट लागोपाठ दोनदा घेतली तर दुसऱ्यांदा अंतर सरासरी २६ मीटरने जास्त येतं, प्रकृतीत काहीही बदल झालेला नसताना, नुसती टेस्ट माहितीची झाल्यामुळे. त्यामुळेच दोनदा घेऊन मोठं अंतर धरायला सांगतात. वडिलांची टेस्ट एकदाच झाली असेल आणि पुढच्या वेळी २९० आले, तर त्यातला बराचसा भाग या सवयीचा असू शकतो. ३३० आले, कॉरिडॉर तोच, काठी किंवा ऑक्सिजन पहिल्यासारखाच, आणि मध्ये थांबावं लागलं नाही, तर ती खरी सुधारणा धरा, आणि ८० टक्क्यांचा हिशेब ३.३ वरून नव्याने करा: २.६.